आलाप, जोड, झेड

ज्याला विष्णुसहस्रनाम पाठ असतं त्याला घरात मान असतो. ज्याला तीसपर्यंतचे पाढे येतात त्याला निदान वाण्याच्या दुकानात तरी असतो. मला स्क्रॅबलमध्ये चालणारे, 'जे', 'एक्स' किंवा 'झेड' ही इंग्रजी अक्षरं असलेले तीन अक्षरी शब्द पाठ आहेत, आणि त्यातून आजवर निघालेलं एकमेव फळ म्हणजे बायकोने जिन्यात शेजारणीला हळूच दिलेलं स्पष्टीकरण : "नाही हो, तब्येत ठणठणीत आहे. पाठांतर चाललंय."

या पाठांतराच्या मुळाशी माझी पार्ल्याची नलूमावशी आहे. विमा कंपनीतून निवृत्त, मराठी माध्यमात शिकलेली. इंग्रजीत बोलायची वेळ आली की फोन दुसऱ्याच्या हातात देऊन "तूच बोल रे, मला त्यांचं कळत नाही" म्हणणारी. पण रविवारी दुपारी जेवणं उरकून, टेबल पुसून एकदा स्क्रॅबलचा बोर्ड मांडला, की हीच मावशी 'झेड-एच-ओ' लावून पंधरा गुण लिहून घेते. आम्ही "हे काय?" असं विचारावं, तर म्हणते, "शब्द आहे." कसला? "चालणारा."

ज्यांच्या घरी हा खेळ नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्रजी संचात शंभर टाइल असतात, प्रत्येकीवर अक्षर आणि कोपऱ्यात त्याचे गुण. आपल्या पट्टीवरच्या सात टाइलमधून बोर्डावर आडवे-उभे शब्द जुळवायचे. ए, ई यांना एकेक गुण. जे आणि एक्सला ८, झेडला १०. ही तिन्ही अक्षरं संचात एकेकदाच येतात. हा हिशोब आल्फ्रेड बट्स नावाच्या अमेरिकन वास्तुविशारदाने १९३०च्या दशकातल्या मंदीत बसवला. नोकरी गेलेली, वेळ हाताशी. त्याने वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरची अक्षरं मोजली आणि जे अक्षर कमी दिसलं त्याचा भाव वाढवला. गृहस्थाने मोजदाद चोख केली, पण ते अक्षर शब्दात कुठे बसतं हे काही मोजलं नाही. माझ्या सगळ्या हालअपेष्टांचं कारण तेवढंच आहे.

कारण असं की एक्स आणि जे यांना सारखेच आठ गुण असले, तरी दोघांचे स्वभाव अगदी वेगळे. एक्स माणसाळलेला. तो शब्दाच्या शेवटी बसतो आणि कुठल्याही स्वराशी जुळवून घेतो : एएक्स, ईएक्स, ओएक्स, शिवाय एक्सआय आणि एक्सयू हे दोन उलटेही चालतात. म्हणजे बोर्डावर कुठेही सुटा स्वर दिसला की याला चिकटवायची सोय झाली. जे मात्र मानी. त्याला पहिलाच पाट हवा. त्याचे दोन अक्षरी शब्द म्हणजे 'जेओ' आणि आपल्याकडच्या चालणाऱ्या शब्दांच्या यादीनुसार 'जेए'. शेवटी जे असलेला तीन अक्षरी शब्द काढायचा तर हज, राज आणि ताज एवढेच मला आठवतात, आणि तिन्ही आपल्याच बाजूचे. जेची टाइल हाती आली की पुढे दोन मोकळ्या चौकटी शोधत बसा, आणि त्या सापडेपर्यंत मावशीने तिथे काहीतरी ठेवलेलं असतं. झेड दोन्हीकडून चालतो, पण दहा गुणांचा असल्यामुळे तो कुठेही टाकवत नाही. चांगल्या जागेची वाट पाहत पट्टीवर राखून ठेवावा, तर खेळ संपतो आणि हातात उरला म्हणून आपलेच दहा गुण वजा होतात.

हे सगळं मावशीने मला सांगितलं नाही. तिने मला एक वही दिली.

जुन्या डायरीच्या कोऱ्या पानांची ती वही. वर "श्री" आणि खाली ओळींवर ओळी. मला वाटलं, वर्णानुक्रमे यादी असेल. पण वर्णानुक्रमे पाठ केलेला शब्द बोर्डावर आठवत नाही, हे मावशीचं पहिलं तत्त्व. बोर्डावर आपल्याला शब्द दिसत नाही, दिसतो तो शब्दाचा तुकडा. 'ओ' मोकळा आहे, आपल्याकडे एक्स आहे. आता 'ओएक्स'च्या पुढे काय काय लागतं, हे आठवायला हवं. म्हणून वहीत दोन अक्षरी शब्द मधे आणि त्याला चिकटणारी अक्षरं डावी-उजवीकडे. 'एएक्स'च्या डावीकडे एफ, एल, एम, पी, आर, एस, टी, डब्ल्यू, झेड. उजवीकडे ई. झाले दहा शब्द.

ही डावीकडची अक्षरं लक्षात कशी ठेवायची? मावशीने त्यांना आडनावं दिली होती. "फर्नांडिस, लेले, मराठे, परांजपे, रानडे, साठे, तांबे, वाघ, झारापकर." ही मंडळी तिच्या ऑफिसात होती म्हणे. खरी होती की नाही देव जाणे, पण ओळ एकदा डोक्यात बसली की निघत नाही. फर्नांडिसचा फॅक्स, लेल्यांचा लॅक्स, तांब्यांचा टॅक्स इथपर्यंत सोपं आहे. रानड्यांचा रॅक्स म्हणजे काय, हे विचारलं की मावशीचं दुसरं तत्त्व बाहेर येतं : "अर्थ विचारायचा नाही. पाढे पाठ करताना तू सतराला अर्थ विचारला होतास का?"

पाठांतराची जागा अर्थातच लोकल. कांदिवलीला चढून चर्चगेटपर्यंत मधल्या पॅसेजमध्ये लटकत मी झेडची पानं घोकायचो. 'झेडए'च्या उजवीकडे जी, पी, एस, एक्स. 'झेडओ'च्या उजवीकडे ए, एल, ओ, एस. डावीकडे ए आणि डी. ओठ हलत असतात हे आपल्याला कळत नाही. समोरच्या सीटवरच्या काकांनी एकदा अतिशय आदराने आपली जागा मला देऊ केली आणि "कुठले गुरुमहाराज?" असं विचारलं. मी "पार्ल्याचे" म्हणालो. ते खोटं नव्हतं.

आमच्या डब्यात भजनी मंडळ आहे. रोजची मंडळी, रोजचे अभंग, आणि माझ्या कानापासून वीतभर अंतरावर झांज. त्या झांजेच्या दणक्यात 'झेडईए, झेडईडी, झेडईई, झेडईके, झेडईएल' म्हणणं अशक्य होतं, म्हणून मी अर्थ बघण्याची चोरी केली. 'झेडईएल' म्हणजे पूर्वेकडच्या देशांतली एक प्रकारची जुनी झांज! मी चमकून वर पाहिलं. ती पितळी वस्तू माझ्या नाकासमोर उघडत-मिटत होती. त्या दिवसापासून झेल हा शब्द मला कधीही आठवायला लागलेला नाही. तो ऐकू येतो.

इथे माझी आणि मावशीची पहिली तात्त्विक फारकत झाली. अर्थ कळला की शब्द टिकतो, असं माझं मत. मग मी अर्थांच्या मागे लागलो. 'झेड-ए-एक्स' म्हणजे छपराच्या दगडी पाट्या तासायचं आणि त्यांना खिळ्याची भोकं पाडायचं हत्यार. त्यालाच झेक्सही म्हणतात, सॅक्सही म्हणतात. एकोणीस गुणांचा हा शब्द, तीन अक्षरांत याच्यावर सहसा काही जात नाही. कोकणात घर शाकारायला आलेल्या माणसाला मी हे हत्यार कसं असतं ते हातवारे करून विचारलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि बायकोकडे वळून म्हणाला, "वहिनी, मंगलोरी कौलाक भोक पाडलास तर पाणी भितुर येतला." तात्पर्य, अर्थ कळूनही उपयोग होईलच असं नाही. तरी शब्द मात्र बसला.

'एलयूझेड' म्हणजे शरीरातलं एक हाड; ते कशानेही नष्ट होत नाही अशी ज्यू परंपरेत समजूत. 'वायईएक्स' म्हणजे उचकी लागणे. 'झेडईके' म्हणजे सोव्हिएत छळछावणीतला कैदी. 'टीयूझेड' म्हणजे केसांचा झुबका. 'जेयूडी' म्हणजे खाणीत खालून पोखरून ठेवलेला कोळशाचा थर. ही माहिती डोक्यात घेऊन माणूस चर्चगेटला उतरतो आणि ऑफिसात जाऊन त्याला जीएसटीचं विवरण भरायचं असतं.

आणि मावशीची 'झेड-एच-ओ'? ते लडाखकडचं जनावर, याक आणि गाय यांच्या संकरातलं. इंग्रजांना त्याचा उच्चार नीट ऐकू आला नसावा, कारण ते 'झेडओ' असंही लिहितात, 'झेडएचओ' असंही, 'डीझेडओ' असंही, 'डीएसओ' असंही, आणि एवढ्यावर समाधान न होऊन 'डीझेडएचओ' असंही. पाचही चालतात. एका जनावराने स्क्रॅबलवर इतके उपकार केले असतील असं दुसरं उदाहरण नसेल. मावशीला मी हे सांगितल्यावर ती म्हणाली, "गुणाची गाय आहे," आणि परत बोर्डाकडे बघायला लागली.

अर्थाच्या बाजूने माझा सर्वांत मोठा विजय जेच्या पानावर झाला. आपल्याकडे चालणाऱ्या यादीत 'जेएआय' आहे, म्हणजे आपलंच जय. 'जेएके' आहे, म्हणजे फणस. आणि 'जेओआर' आहे! रागाच्या मांडणीतला दुसरा भाग. आलाप, मग जोड, मग झाला. आपल्या 'जोड'मधल्या 'ड'चा त्यांनी आर केला, एवढंच. मावशी दर वर्षी डिसेंबरात शाल घेऊन गाण्याच्या मैफिलींना बसणारी, सतारीचा जोड सुरू झाला की डोळे मिटणारी बाई. मला वाटलं, हा अर्थ ऐकून तरी ती विरघळेल.

"दहा गुण," ती म्हणाली. "त्यापेक्षा जेओडब्ल्यू ठेव. तेरा."

"पण मावशी, जोड! आपला जोड!"

"तो सवाईला ऐकू. इथे डब्ल्यू आहे ना तुझ्याकडे?"

आता प्रश्न असा, की तीन अक्षरांच्या शब्दांसाठी एवढा खटाटोप का? नवशिक्याला वाटतं, मोठा शब्द लावला की मोठे गुण. ते तेवढं खरं नाही. गुण चौकटीत असतात. बोर्डावर काही चौकटी अक्षराचे गुण तिप्पट करतात, आणि एकच टाइल आडव्या शब्दातही मोजली जाते, उभ्यातही. तिपटीच्या चौकटीवर एक्स पडला आणि तो दोन्ही दिशांना शब्द करत असला, तर त्या एका टाइलचे चोवीस आणि चोवीस, अठ्ठेचाळीस झाले. बाकीची अक्षरं नुसती वऱ्हाडी. पण त्यासाठी दाटीवाटीत घुसणारा छोटा शब्द लागतो. सात अक्षरी शब्द तिथे मावतच नाही.

हे मला वहीतून नाही, एका रविवारी पट्टीवर पी, वाय, एक्स, व्ही, टी, टी, आर अशी वरात उभी राहिली तेव्हा कळलं. एक स्वर नाही. अशा वेळी शहाणा माणूस टाइल बदलून घेतो आणि पाळी घालवतो. बोर्डावर वरून खाली 'टेल' होता, टी-ए-एल-ई, आणि त्याच्या शेवटच्या ई वर येऊन संपणारा आडवा 'वन', ओ-एन-ई. त्या ओच्या बरोब्बर खालची चौकट तिप्पट अक्षराची, मोकळी. तिथे एक्स ठेवला की उभा 'ओएक्स' होतो, हे दिसत होतं. पण नुसता एक्स ठेवला तर पंचवीसच. त्याच्या डावीकडे दोन चौकटी रिकाम्या होत्या. म्हणजे मला हवा होता एक्सने संपणारा आणि ए-ई-आय-ओ-यू यांपैकी काहीच नसलेला तीन अक्षरी शब्द.

फर्नांडिसपासून झारापकरांपर्यंत सगळे येऊन गेले. कोणी कामाचं नाही, सगळ्यांना ए लागतो. आणि मग वांद्र्याची चर्च आठवली. 'पी-वाय-एक्स' : प्रार्थनेतली पवित्र भाकर ठेवायची ती छोटी डबी. लंडनला टाकसाळीतल्या नाण्यांची दर वर्षी जी परीक्षा होते, तिच्या नावातही हीच पेटी आहे. मी तीन टाइल ठेवल्या. पीचे तीन, वायचे चार, एक्सचे तिपटीने चोवीस : एकतीस. उभ्या ओएक्सचे एक आणि चोवीस : पंचवीस. एकूण छप्पन्न. बिनस्वराच्या पट्टीतून!

मावशीने चष्मा वर केला, टाइलकडे पाहिलं, वही न उघडता मान डोलावली. मी कौतुकाची वाट बघत होतो. तिने पट्टीवरून ई आणि एस उचलले आणि माझ्या पिक्सच्या मागे लावून त्याचं अनेकवचन केलं. ई वरच्या एनला चिकटला तो 'एनई' झाला, एस वरच्या टेलला चिकटला तो 'टेल्स' झाला. सतरा, दोन आणि पाच. चोवीस गुण, दोन टाइलमध्ये, माझ्या डबीवर.

"अर्थ बघितलास," ती म्हणाली, "पण शेपूट नाही बघितलंस. वहीत ज्या शब्दाच्या उजवीकडे टिंब आहे ना, त्याला अनेकवचन चालतं. टिंब पाठ करायचं."

म्हणजे आता शब्द, आडनावं आणि टिंबंही. मी घरी येऊन नव्याने बसलो. मुलगा बारावीला आहे. त्याच्या टेबलावर रसायनशास्त्र, माझ्या टेबलावर 'जीओएक्स' आणि 'एलओएक्स'. गंमत म्हणजे ते दोन्ही त्याच्याच विषयातले निघाले : वायुरूप प्राणवायू आणि द्रवरूप प्राणवायू. मी उत्साहाने सांगायला गेलो. "बाबा, परीक्षेत नाही ते," म्हणून त्याने दार लावून घेतलं. बायकोने बाहेरून विचारलं, नक्की परीक्षा कोणाची आहे?

न्यू जर्सीतला भाचा ऑनलाइन खेळतो असं कळलं तेव्हा मला वाटलं, चला, या विद्येचा परदेशात तरी उपयोग होईल. पहिल्याच डावात मी 'डीझेडओ' टाकला. यंत्राने तो परत केला. 'जेओआर' टाकला. परत. 'जेएआय'? परत! या खेळाचे हक्क अमेरिका-कॅनडात एका कंपनीकडे आणि उरलेल्या जगात दुसऱ्या कंपनीकडे आहेत, आणि शब्दांच्या याद्याही दोन आहेत. आपण वाढलो त्या मोठ्या, ब्रिटिश वळणाच्या यादीत लडाखची गाय, फणस आणि जोड सगळं चालतं. अमेरिकन यादीत यांना व्हिसा नाही. झॅक्स तिकडे चालतो, पिक्स चालतो, हज चालतो, राज आणि ताजही चालतात. जय चालत नाही. वहीवर आता मी लाल पेनने फुल्या मारतो आहे. मावशीला हे बघवत नाही. "मूळ वहीवर लिहू नकोस, झेरॉक्स काढ," म्हणते.

एवढं करून मी तिला अजून हरवलेलं नाही. मागच्या डावात मात्र माझ्या पट्टीवर झेड आला आणि त्याच्या शेजारी दोन ब्लँक. ब्लँक म्हणजे कोरी टाइल : कुठलंही अक्षर म्हणून लावा, गुण शून्य. पण तिच्या जोरावर सातही टाइल एका दमात उतरवल्या तर पन्नास गुणांचं बक्षीस मिळतं, म्हणून जाणती माणसं एकेक ब्लँक पंचवीस गुणांची समजतात. दोन ब्लँक एकदम हाती येणं म्हणजे भाग्य. आणि बोर्डावर उभा 'क्वार्ट' होता. त्याच्या खाली झेड ठेवला की 'क्वार्ट्झ', घड्याळातला. सरळ चोवीस गुण. ब्लँक राखायच्या, पुढच्या पाळीला सातही उतरवायच्या. पाठ्यपुस्तकी चाल.

पण वहीच्या शेवटच्या पानावर, सगळ्यांत खाली, एक शब्द होता. झेड-झेड-झेड. झोपेत घोरण्याचा आवाज. तिन्ही अक्षरं तीच, आणि संचात झेड एकच. म्हणजे हा शब्द लावायला दोन्ही ब्लँक लागतात. मावशीने त्याच्यापुढे लिहिलं होतं : "लावू नये."

मी झेड क्वार्टखाली ठेवला आणि त्याच्या उजवीकडे दोन कोऱ्या टाइल. क्वार्ट्झचे चोवीस. झेडझेडझेडचे दहा, अधिक शून्य, अधिक शून्य.

मावशी बराच वेळ बोर्डाकडे बघत राहिली. "दहा गुणांसाठी दोन ब्लँक?" ती म्हणाली. "अरे, पन्नास झाले असते!"

"शब्द आहे, मावशी."

"कसला?"

"चालणारा."

तिने चौतीस लिहून घेतले, पिशवीत हात घातला आणि जे काढला. तो जे आहे हे मला तिच्या तोंडावरूनच कळलं.